सुंठ पावडर ताज्या आल्यापेक्षा स्ट्राँग असते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आलं, सुंठ आणि जिंजरॉल यावर तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून एकदाचे सगळे इथे टाकलेत. साधे प्रश्न आधी, डोकं खाणारे नंतर. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे परत लिहिलं नाहीये, तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. हो की नाही एवढंच सांगा, सुंठ पावडर ताज्या आल्यापेक्षा स्ट्राँग असते का?

हो, पण वजनाला वजन लावून बघितलं तरच. एक ग्रॅम ताजं आलं आणि एक ग्रॅम सुंठ पावडर घेतली तर पावडर साधारण चौपट ते पाचपट तिखट लागेल. पण एक आल्याचा तुकडा घेऊन तोच पूर्ण वाळवला आणि विचारलं की आता हा आधीपेक्षा जास्त तिखट झाला का, तर उत्तर जवळजवळ तेवढाच असं येतं. बरेच जण या दोन गोष्टी एकत्र करतात आणि मग सुंठेत काहीतरी नवीनच पॉवर येते असं बोललं जातं. येते थोडी, पण मोठा फरक पाण्याचा आहे. ताज्या आल्यात जवळपास ७९ टक्के पाणी असतं आणि नीट वाळलेल्या पावडरीत १० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुंठ स्ट्राँग लागण्याचं पहिलं कारण हे की तिच्यातून पाणी निघून गेलंय. आकडेमोड प्रश्न ४ मध्ये आहे.

२. वाळवताना जिंजरॉलचं नेमकं होतं काय?

ताज्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजरॉलमुळे असतो. जिंजरॉल म्हणजे एकच पदार्थ नाही, ६, ८ आणि १० असे भाऊ आहेत त्याचे, शेपटीच्या लांबीवरून नंबर पडलेत, आणि त्यात ६-जिंजरॉल सगळ्यात जास्त असतं. याच्या रेणूत मध्यावर एक ओएच गट लटकलेला असतो आणि तो जरा डळमळीतच बसलाय, कारण त्याच्यापासून एक कार्बन सोडून पलीकडे कीटोन आहे. उष्णता मिळाली किंवा आजूबाजूला आम्ल असलं की हा ओएच शेजारचा एक हायड्रोजन घेऊन पाणी बनून निघून जातो आणि तिथे डबल बॉन्ड तयार होतो. जे उरतं त्याला शोगॉल म्हणतात.

सूत्रात बघायचं तर C17H26O4 मधून एक H2O वजा केला की C17H24O3. बास, एवढंच घडतं. शोगॉल हा जिंजरॉलपेक्षा जास्त तिखट आहे, तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल स्केलवर ढोबळ आकडे ६-जिंजरॉलचे ६० हजार आणि ६-शोगॉलचे १ लाख ६० हजार असे दिले जातात, म्हणजे अडीचपटीच्या जवळ. हे आकडे चवीवरून काढलेले आहेत त्यामुळे त्यांना वजनकाट्यासारखं पकडून बसू नका, पण शोगॉल वरचढ आहे यात वाद नाही.

३. म्हणजे सुंठेत सगळं जिंजरॉल शोगॉल होऊन जातं ना?

नाही! हा गैरसमज सगळ्यात जास्त दिसतो. ताज्यात जिंजरॉल आणि सुंठेत शोगॉल अशी दोन खणांची वाटणी लोकांनी करून टाकलीये, पण साध्या पद्धतीने, कमी तापमानावर वाळवलेल्या सुंठेत अजूनही जिंजरॉलच शोगॉलपेक्षा जास्त सापडतं. शोगॉलचं प्रमाण ताज्यापेक्षा स्पष्ट वाढलेलं असतं कारण ताज्यात ते नावापुरतंच असतं, पण वाढलं म्हणजे त्याने जिंजरॉलची जागा घेतली असं नाही.

उलट टोकाची केसही आहे. आलं वाफेवर किंवा प्रेशरखाली बराच वेळ गरम ठेवलं आणि मग वाळवलं तर शोगॉल खूप वाढतं आणि जिंजरॉलला मागे टाकू शकतं. त्यामुळे सुंठेत किती शोगॉल असतं याला एक ठरलेलं उत्तर नाही, ती सुंठ कशी वाळवली ते आधी सांगा मग बोलू.

४. आकडे घालून एक उदाहरण द्या ना, नुसतं चौपट पाचपट पटत नाही

चला करू. १०० ग्रॅम सोललेलं ताजं आलं घेतलं. त्यात ७९ ग्रॅम पाणी, २१ ग्रॅम घन भाग. हे वाळवून १० टक्के ओलावा राहील अशी पावडर केली तर वजन येईल २१ भागिले ०.९, म्हणजे साधारण २३.३ ग्रॅम.

आता धरून चालू की या १०० ग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅम ६-जिंजरॉल होतं (हा आकडा फक्त गणितासाठी, खऱ्या आल्यात जात, वय, जमीन यावर तो भरपूर वरखाली होतो). ताज्यात मग ग्रॅममागे २ मिलिग्रॅम झालं. वाळवताना समजा पाव भाग जिंजरॉल गेलं, म्हणजे ५० मिलिग्रॅम, आणि त्यातलं अर्धं शोगॉल झालं आणि अर्धं इकडेतिकडे तुटून, हवेशी भिडून वाया गेलं. शोगॉलचा रेणू एका पाण्याने हलका असल्यामुळे २५ मिलिग्रॅम जिंजरॉलचं साधारण २३.५ मिलिग्रॅम शोगॉल बनतं. म्हणजे आता आपल्या २३.३ ग्रॅम पावडरीत १५० मिलिग्रॅम जिंजरॉल आणि २३.५ मिलिग्रॅम शोगॉल आहे, ग्रॅममागे साधारण ६.४ आणि १.

तिखटपणाला जिंजरॉलसाठी ६० आणि शोगॉलसाठी १६० असे गुण लावा. ताजं आलं, एक ग्रॅम: २ गुणिले ६०, म्हणजे १२०. पावडर, एक ग्रॅम: ३८४ अधिक १६०, म्हणजे ५४४. झाली साडेचारपट. पण आता पूर्ण ढिगाचा हिशोब लावा, ताज्या १०० ग्रॅमचे १२,००० गुण आणि त्यापासून झालेल्या सगळ्या पावडरीचे ९,००० अधिक ३,७६०, म्हणजे १२,७६०. जेमतेम ६ टक्के वाढ! जेवढं जिंजरॉल वाया गेलं त्याची भरपाई थोड्याशा शोगॉलने केली, एवढंच.

यातले आकडे बदलून बघा. समजा ते गेलेलं सगळं ५० मिलिग्रॅम शोगॉलच झालं असतं तर एकूण गुण साधारण १६,५०० पर्यंत जातात, आणि काहीच शोगॉल न होता सगळं वाया गेलं तर ९,००० वर येतात. कसंही केलं तरी आतल्या केमिस्ट्रीमुळे फरक काही टक्क्यांत पडतो, फार तर दीडपटीच्या आत, आणि पाणी गेल्यामुळे चौपटीच्या वर, म्हणून प्रश्न १ मध्ये पाण्यावर एवढा जोर दिलाय.

५. रेसिपीत एक टेबलस्पून किसलेलं आलं आहे, पावडर किती घालू?

किसलेलं आलं आणि सुंठ पावडर, दोन्हीचा एक टीस्पून साधारण २ ग्रॅमच भरतो, पावडर किंचित कमी. म्हणजे टेबलस्पूनभर किस ६ ग्रॅम, त्याला वजनाच्या हिशोबाने १.४ ग्रॅम पावडर, म्हणजे पाऊण टीस्पूनच्या आसपास. पण बऱ्याच ठिकाणी पाव टीस्पूनच लिहिलेलं दिसतं, आणि ते अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. बारीक पावडरीतला तिखटपणा पटकन सुटतो, किसातले तुकडे मात्र दाताखाली येईपर्यंत स्वतःचा अर्क धरून बसतात, शिवाय पावडरीला ताजेपणाचा वास नसल्यामुळे (प्रश्न ९) नुसता तिखटपणाच पुढे येतो आणि जास्त झाल्यासारखं वाटतं. माझं मत, पाव टीस्पूनने सुरुवात करा, चव बघा आणि अर्ध्यापर्यंत जा. घातलेली पावडर परत काढता येत नाही.

६. घरी वाळवायचं असेल तर किती तापमान ठेवू, जिंजरॉल वाचवायचं आहे

५० ते ६० डिग्री सेल्सिअस, आणि काप २-३ मिलिमीटरचे. यात तापमानाइतकाच कापाच्या जाडीला अर्थ आहे. जाड तुकडा किंवा अख्खी गाठ ठेवली की बाहेरून कडक होते आणि आत ओल कोंडून राहते, मग जिंजरॉल कितीतरी जास्त वेळ ओल्या उष्णतेत बसतं, आणि ओली उष्णता म्हणजेच शोगॉलला आमंत्रण. वर बुरशी लागायची भीती, आणि आल्यावर येणाऱ्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन बनवतात, त्यामुळे डाग पडलेला तुकडा घासून वापरू नका, टाकून द्या.

तापमान ८० च्या पुढे नेलं की वाळणं लवकर होतं पण शोगॉल वाढायला लागतं, सुगंधी तेल जास्त उडतं आणि पावडर तपकिरी दिसते. फ्रीज-ड्रायिंगमध्ये जिंजरॉल सगळ्यात चांगलं टिकतं आणि शोगॉल जवळजवळ बनत नाही, पण ते मशीन प्रत्येकाकडे कुठून असणार.

सोलताना एक लक्षात ठेवा, तेलाच्या पेशी सालीच्या अगदी खाली दाट असतात, त्यामुळे सुरीने जाड साल काढली की चांगला माल कचऱ्यात जातो. चमच्याच्या कडेने खरवडून काढा.

वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? काप वाकवला तर तो कट्‌ करून तुटला पाहिजे, चामड्यासारखा वाकला तर अजून ओल आहे. वजनकाटा असेल तर त्याहून चांगलं. १०० ग्रॅमचे काप २३-२४ ग्रॅमवर आले आणि तासाभराने परत मोजल्यावर वजन तेच राहिलं की झालं. ३० ग्रॅमवर थांबलात तर त्यात ९ ग्रॅम पाणी उरलंय, म्हणजे ३० टक्के ओलावा, अशी पावडर डब्यात गोळा होते आणि खराब होते.

७. मग उकळल्यावर आलं सौम्य का होतं? उष्णतेने शोगॉल बनून तिखट व्हायला पाहिजे ना

हा प्रश्न भारी आहे, आणि यात गडबड होण्याचं कारण असं की जिंजरॉलला तुटायला दोन वाटा आहेत. एक प्रश्न २ मधली, पाणी सोडून शोगॉल बनण्याची. दुसऱ्या वाटेने रेणू मधोमध फुटतो आणि झिंजरोन आणि हेक्झॅनाल असे दोन तुकडे पडतात, केमिस्ट्रीवाले याला रेट्रो-अल्डॉल म्हणतात. झिंजरोन हा जिंजरॉलपेक्षा खूपच कमी तिखट, गोडसर मसालेदार वासाचा असतो. शिजवताना, उकळताना ही दुसरी वाटही चालू असते म्हणून शिजलेलं आलं गोलसर आणि मऊ चवीचं लागतं.

शिवाय एक अगदी साधी गोष्ट, उकळल्यावर तोच तिखटपणा भांडंभर पाण्यात पसरतो. कच्चा तुकडा चावताना तो सगळा एका जागी जिभेवर येतो. त्यामुळे सौम्य लागलं म्हणजे सगळं जिंजरॉल मेलं असा अर्थ काढू नका.

८. लिंबू पिळलं की आम्लामुळे जिंजरॉलचं शोगॉल होतं का?

कागदावर हो, ग्लासात नाही. आम्लाने ही क्रिया वेग घेते हे खरं, पण त्यासाठी तीव्र आम्ल आणि उष्णता किंवा भरपूर वेळ लागतो. पाण्यातल्या प्रयोगांत पीएच १ आणि १०० डिग्रीला साधारण दोन तासांत क्रिया समतोलाला पोचते, तर पीएच ४ च्या आसपास जिंजरॉल सगळ्यात स्थिर राहतं. लिंबू पिळलेलं पेय साधारण तुम्ही दहा मिनिटांत पिऊन टाकता, तेवढ्यात मोजण्यासारखं काही होत नाही.

आणि मी समतोल म्हटलं ते मुद्दाम. पाण्यात ही क्रिया उलटीही चालते, शोगॉल पाणी परत घेऊन जिंजरॉल होऊ शकतं. म्हणून पाण्यात असताना सगळंच्या सगळं शोगॉल कधी होत नाही. कोरड्या पावडरीत मात्र परत घ्यायला पाणीच फारसं नसतं.

९. सुंठेला ताज्या आल्याचा तो लिंबासारखा वास का येत नाही?

कारण वास आणि तिखटपणा ही दोन वेगळी खाती आहेत. जिंजरॉल, शोगॉल हे जड रेणू, ते सहज उडत नाहीत. वास देणारी तेलं हलकी असतात, त्यातलं सिट्रल लिंबासारखा वास देतं आणि वाळवताना असल्या हलक्या गोष्टी आधी निघून जातात. झिंजिबेरीनसारखे जरा जड घटक थोडे जास्त टिकतात म्हणून सुंठेचा वास लाकडी, गरम बाजूला झुकतो. आता कुणी सुंठ ताज्या आल्यापेक्षा स्ट्राँग म्हटलं तर विचारा, तिखटपणात की वासात? वासात ताजंच जिंकतं.

१०. डब्यातली जुनी पावडर वर्षानुवर्षं जास्त स्ट्राँग होत जाते का, शोगॉल वाढत असेल ना?

जिंजरॉलचं रूपांतर साठवणीतही हळूहळू चालू राहतं, गरम जागी जास्त, हे बरोबर. पण प्रश्न ४ मधली तीच गोष्ट इथे लागू पडते, सगळं जाणारं जिंजरॉल शोगॉल होत नाही, काही हवेमुळे वाया जातं, आणि पावडर म्हणजे हवेला भरपूर पृष्ठभाग मोकळा करून दिलेला. सुगंधी तेल तर सतत उडतच असतं. म्हणून जुनी पावडर बहुतेक वेळा बेचव आणि धुळीसारख्या वासाची होते, घशात थोडी चुरचुर राहते तेवढीच. अख्खी सुंठ ठेवून लागेल तशी कुटली तर फरक जाणवतो.

चिमूटभर पावडर कोमट पाण्यात ढवळा, मिनिटभर थांबा, वास घ्या आणि एक घोट घ्या. वास नाही आणि घशाशी उष्णताही नाही तर ती पावडर गेली. नवीकोरी पावडरही अशी निघाली तर ती आधीच अर्क काढून घेतलेल्या चोथ्याची भेसळ असू शकते, रंग छान पिवळट असला तरी.

११. ताज्या आल्याने दूध फाटतं, पावडरीने फाटत नाही. मग पावडर कमी स्ट्राँग नाही का?

याचा जिंजरॉलशी काही संबंधच नाही. ताज्या आल्यात प्रोटीन तोडणारं एन्झाइम असतं, झिंजिबेन म्हणतात त्याला, आणि ते दुधातल्या केसीनला तोडून दही लागल्यासारखं घट्ट करतं किंवा फाडतं. साधारण ६० डिग्रीच्या आसपास ते जोरात असतं आणि त्याहून बरंच गरम केलं की निकामी होतं. म्हणूनच आलं आधी पाण्यात उकळून मग दूध घातलं तर सहसा फाटत नाही. वाळवण्याच्या तासन्‌तास उष्णतेत एन्झाइम बहुतेक मरतं, म्हणून पावडर दुधाला काही करत नाही. मांस मऊ करायला आलं लावतात तिथेही हेच, ताजंच लागतं, पावडर कितीही घाला उपयोग नाही.

१२. शोगॉल जास्त तिखट आहे म्हणजे औषध म्हणूनही सुंठ जास्त चांगली का?

तिखट म्हणजे जास्त गुणकारी असा सरळ नियम नाही. प्रयोगशाळेत पेशींवर टाकून बघितलं तर शोगॉल बऱ्याचदा जिंजरॉलपेक्षा जोरदार निघतं, कारण त्याचा तो डबल बॉन्ड गंधकवाल्या रेणूंना पटकन चिकटतो. पण तोच चिकटपणा शरीरात उलटा पडतो, तिथे ग्लुटाथायोन हा असाच गंधकवाला रेणू भरपूर असतो आणि तो शोगॉलला पकडून टाकतो. माणसांच्या रक्तात तोंडावाटे घेतल्यावर जिंजरॉल आणि शोगॉल दोन्ही मुख्यतः यकृताने आणि आतड्याने बांधून टाकलेल्या रूपात सापडतात, मोकळे फारसे नाहीत. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या प्लेटमधला विजेता पोटातही जिंकेल असं धरू नका.

डोसबद्दल मात्र एक गोष्ट नक्की. मळमळीवरच्या बऱ्याच चाचण्या दिवसाला १ ग्रॅम वाळलेल्या पावडरीवर झाल्यात. तो आकडा वाचून कुणी १ ग्रॅम ताजं आलं खाल्लं तर त्याने चाचणीच्या पाव डोसपेक्षाही कमी घेतलं, जुळवायचं तर साधारण ४ ते ५ ग्रॅम ताजं लागेल. उलटं केलं तर चौपट जास्त होईल, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी पावडरीचा असा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

१३. लॅब रिपोर्टमध्ये आमच्या ताज्या आल्यातही भरपूर शोगॉल दाखवलंय, हे कसं शक्य आहे?

टेस्ट कोणत्या मशीनवर केली ते बघा. गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुना वाफ करायला खूप गरम केला जातो, आणि जिंजरॉलला तेवढी उष्णता म्हणजे प्रश्न २ आणि ७ मधल्या दोन्ही वाटा एकदम उघडल्यासारखं. म्हणजे मशीनमध्ये जाताना जिंजरॉल होतं आणि रिपोर्टमध्ये शोगॉल आणि झिंजरोन म्हणून बाहेर आलं, तुमच्या आल्याचा दोष नाही. जिंजरॉल मोजायचं तर एचपीएलसी लागते, तिथे नमुना द्रवातच राहतो.

एचपीएलसी असूनही आकडा जास्त असेल तर नमुना तयार कसा केला ते विचारा. आलं आधी ओव्हनमध्ये वाळवून घेतलं असेल, किंवा अर्क गरम सॉल्व्हंटमध्ये बराच वेळ उकळून काढला असेल, तर शोगॉल तिथेच बनलेलं असतं. आणि दोन रिपोर्टची तुलना करायची असेल तर दोन्ही आकडे कोरड्या वजनावर आहेत का ते आधी तपासा, एक ओल्या वजनावर आणि एक कोरड्यावर असेल तर पावणेपाचपटीच्या आसपास तफावत नुसत्या पाण्याने दिसेल.